गाळ्याच्या भाड्याचे पत्र

बऱ्याच वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका देवस्थानच्या पंचांसाठी मी भाडेवाढीचे पत्र लिहून दिले होते. दीड पानाचे, टाइप केलेले, खाली गोल शिक्का. पत्रात भाषा कडक ठेवली की काम होते अशी त्या वेळी माझी समजूत होती. शेवटची ओळ अशी होती की तीस दिवसांत उत्तर न आल्यास आपणांस वाढीव भाडे मान्य आहे असे समजले जाईल, आणि जागा खाली करून घेण्याची कारवाई होईल. दोन दिवसांनी तो दुकानदार पत्र घेऊन माझ्याकडेच आला. मी लिहिले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. टेबलावर पत्र ठेवून म्हणाला, "हे वाचायला दिलासा की भ्यायला?" आमच्याकडे ‘दिलात’ला ‘दिलासा’ म्हणतात, पत्रात मात्र दिलासा कुठेच नव्हता.

त्या पत्रातल्या शेवटच्या ओळीत दोन चुका होत्या. पहिली कायद्याची. समोरचा गप्प राहिला म्हणून त्याने होकार दिला असे एकतर्फी ठरवता येत नाही. दुसरी चूक मला उशिरा कळली. भाडे बदलण्याचा प्रस्ताव आणि भाडेकरार संपवण्याची नोटीस हे दोन वेगळे कागद आहेत. मी ते एकाच पानावर शिवून टाकले होते. या पुस्तिकेतले मसुदे त्याच शिवणीवर पुन्हा कात्री चालवून तयार झाले आहेत. मसुदे भरायला सोपे आहेत. भरण्याआधी काय ठरवायचे ते अवघड आहे, म्हणून ही प्रस्तावना लांबली.

नंदगडचे उदाहरण घेतो, कारण इथे हा प्रश्न नेहमीच्या रूपात भेटतो. खानापूर तालुक्यातली ही जुनी पेठ. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये इथेच फाशी दिले गेले आणि त्याची समाधी इथे आहे, त्यामुळे बाहेरची माणसे येत असतात. अशा पेठेत देवळाची, चर्चची, मशिदीची, शाळेची अशी विश्वस्त संस्थांची जागा रस्त्याकडेला असते आणि तिच्यावर दुकाने उभी असतात. (मशिदीची जागा वक्फ असेल तर तिला वेगळा कायदा लागतो; त्याचे मसुदे इथे नाहीत.) पुढे जे देवस्थान आणि जो शिंपी येतो, ते दोन्ही समजावण्यासाठी रचलेले आहेत. पेच मात्र रोजचा आहे.

देवस्थानची जागा, त्यावर दहा बाय चौदा फुटांचा गाळा. जागा देवस्थानची, पण भिंती, पत्रे, शटर शिंप्याच्या वडिलांनी पदरचे पैसे घालून केलेले. एप्रिल २०१६ मध्ये भाडे १,२०० रुपये ठरले, तोंडीच. दर महिन्याला पावती मिळते. दहा वर्षांत भाडे वाढले नाही. आता देवळाचा कळस गळतो आहे, पंच बसले आहेत, आणि एकाने सांगितले की शेजारच्या गाळ्याला २,५०० मिळतात, रायण्णाच्या समाधीला येणारी वर्दळ वाढली आहे, तेव्हा ३,००० मागायला काय हरकत?

आकड्यापाशी येण्याआधी हे पाहावे की पंचांच्या हातात नेमके काय आहे. लेखी करार नाही, भाडे महिन्याचे. अशा भाडेकरूचा संबंध बहुतेक वेळा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने चालतो. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा ठरावीक शहरी भागांसाठी आहे, आणि तिथेही व्यापारी जागा १४ चौरस मीटरपर्यंतची असेल तरच तो लागू होतो. नंदगडसारख्या ग्रामपंचायतीच्या गावात त्याचा प्रश्न सहसा येत नाही. पण हेच पत्र कोणी बेळगाव शहरातल्या गाळ्यासाठी वापरणार असेल, तर आधी टेप लावावी. दहा बाय चौदा फूट म्हणजे १३ चौरस मीटर. तेवढा गाळा शहरात असता तर मापापुरता तरी कायद्याच्या आत आला असता.

मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडे म्हणजे दोघांनी ठरवलेली किंमत. एकाने ठरवलेली किंमत हे भाडे होत नाही, ती मागणी होते. करारातच दर वर्षी इतके टक्के वाढ असे लिहिले असेल तर गोष्ट निराळी. तिथे पत्र म्हणजे नुसती आठवण. शिंप्याच्या बाबतीत तसे काही नाही, म्हणून पंच फक्त प्रस्ताव मांडू शकतात. मग शिंपी नाही म्हणाला तर? तर कलम १०६ प्रमाणे महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेसंबंध संपवता येतो. त्यानंतरही तो उठला नाही तर खानापूरच्या दिवाणी न्यायालयात दावा. कुलूप लावता येत नाही, वीज तोडता येत नाही. नोटीस देऊन भाडेसंबंध संपवणे हा पंचांचा हक्क आहे आणि तो कोणी नाकारत नाही. पण तो वेगळा निर्णय आहे आणि त्यासाठी वेगळा ठराव लागतो.

दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आल्या की दोन्ही बिघडतात. भाडेकरू फक्त शेवटची ओळ वाचतो, आकड्यावर बोलायचे सोडून वकील शोधतो. आणि पंचांनाही ते अंगाशी येते. भाडेसंबंध संपवण्याची नोटीस दिली, आणि पुढच्या महिन्यात पावती बुक काढून भाडे घेतले, तर भाडेकरूचा वकील कलम ११३ वर बोट ठेवून म्हणणार की नोटीस तुम्हीच सोडून दिलीत. मग ते टाळायला पंच भाडे घेणे बंद करतात. शिंपी दर महिन्याला पैसे घेऊन येतो, पुजारी हात मागे घेतो, सहा महिन्यांनी कागदावर शिंपी थकबाकीदार दिसतो. असा थकबाकीदार मी पाहिला आहे. त्याच्याकडे परत आलेल्या मनीऑर्डरींची चळत होती, आणि न्यायालयात त्या चळतीपुढे संस्थेच्या वकिलाला बोलायला फारसे उरले नाही.

म्हणून मसुद्यातली एक ओळ कोणी गाळू नये अशी माझी विनंती आहे. चर्चा चालू असेपर्यंत जुन्या दराने भाडे घेतले जाईल, त्याची नेहमीसारखी पावती दिली जाईल, आणि ते घेतल्याने दोन्ही बाजूंचे म्हणणे कमीजास्त होणार नाही. काही पंचांना ही ओळ म्हणजे हार वाटते. तसे नाही. महिन्याचे १,२०० देवस्थानच्या पेटीत येत राहतात, आणि उद्या कुठेही उभे राहायची वेळ आली तरी संस्थेचे वागणे सरळ दिसते.

आता आकडा. शेजारचे २,५०० हे मोजमाप इथे का चालत नाही ते पाहा. शेजारचा गाळा देवस्थानने स्वतः बांधून दिला आहे. भिंती, पत्रे, फरशी संस्थेची. गळले तर संस्था दुरुस्त करते. शिंपी फक्त जमिनीचे भाडे देतो, पत्रे त्यानेच बदलायचे. बोलताना दोन्हींना ‘गाळ्याचे भाडे’ म्हणतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. वर्दळीचे म्हणाल तर समाधीला येणारा माणूस चहा पितो, पाण्याची बाटली घेतो. ब्लाउज शिवायला टाकून जात नाही. वर्दळीचा लाभ चहावाल्याच्या गाळ्याच्या हिशेबात धरावा, शिंप्याच्या नको.

पंचांनी अखेर वर्षाला पाच टक्के धरले. पाचच का, याला कायद्यात आधार नाही. भाडेकरारांत हा आकडा वापरात आहे आणि दोघांनाही ओळखीचा आहे, एवढेच. १,२०० रुपयांवर दरसाल पाच टक्के, वाढीवर वाढ धरून, दहा वर्षांत १,९५५ होतात. तेच मूळ भाड्यावर सरळ धरले, म्हणजे दर वर्षी ६० रुपये, तर १,८००. हा दीडशे रुपयांचा फरक ठरावात लिहायचाच. भाडेकरूला हिशेब येत नाही असे धरून चालणारे पंच मी पाहिले आहेत. शिंप्याचे आयुष्य टेप आणि पेन्सिलीवर जाते, त्याला तो तुमच्याआधी दिसतो.

मागच्या वर्षांचा फरक मागायचा मोहही इथेच होतो. दहा वर्षांत वाढवायला हवे होते, तेवढे आता एकरकमी द्या, असे लिहिलेले पत्र माझ्या पाहण्यात आहे. थकलेले भाडे तीन वर्षांपर्यंत वसूल करायला दावा लावता येतो हे खरे, पण जे भाडे ठरलेच नव्हते ते थकणार कसे? वाढ पुढच्या तारखेपासूनच.

पत्राआधी ठराव. ठरावात त्या दिवशी हजर पंचांची नावे, जुने भाडे, सुचवलेले भाडे, ते कसे काढले, आणि सही कोणी करायची हे असावे. एखाद्या पंचाचा भाऊ किंवा जावई त्याच ओळीत गाळा चालवत असेल तर त्या पंचाने या विषयापुरते उठून बाहेर बसावे आणि तसे वहीत लिहावे. गावात हे सगळ्यांना माहीत असते. वहीत नसेल तर मात्र पत्र वाचणारा आकड्यापेक्षा तेच आठवतो.

संस्था कोणत्या कायद्याखाली आहे हेही वही उघडलीच आहे तर पाहून घ्यावे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या जुन्या संस्थांच्या कपाटात १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचे नोंदणीचे कागद सापडतात. पुढे हिंदू धार्मिक संस्थांसाठी कर्नाटकाचा १९९७ चा कायदा आला, तो २००३ पासून लागू झाला. देवस्थान मुजराई खात्याच्या यादीत असेल तर खात्याला विचारल्याशिवाय पंचांनी भाड्याला हात लावू नये. यादीत नसेल तर विश्वस्तपत्रात काय लिहिले आहे ते पाहावे. पलीकडे चंदगडला, महाराष्ट्रात, हाच १९५० चा कायदा आजही चालतो, आणि तिथे बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. हद्दीच्या दोन बाजूंना पाहुणे एक असले तरी एकमेकांचे मसुदे उचलू नयेत, ते यासाठी.

एवढे झाले की पत्र लहानच उरते. नंदगडच्या या रचलेल्या प्रकरणात ते असे झाले:

"श्री. … यांस सप्रेम नमस्कार. आपण देवस्थानच्या जागेतील १० फूट रुंद व १४ फूट लांब जागेचे मासिक भाडेकरू आहात. जागा देवस्थानची असून तिच्यावरील गाळा आपल्या कुटुंबाने स्वखर्चाने बांधला आहे. एप्रिल २०१६ पासून भाडे दरमहा १,२०० रुपये आहे आणि एप्रिल २०२६ अखेरचे भाडे आपण दिले आहे, त्याबद्दल आभार.

"पंचांनी १० मे २०२६ च्या सभेत भाडे बदलण्याचा विचार केला. दहा वर्षांत दरसाल ५ टक्के धरल्यास भाडे १,९५५ रुपये होते. ते पूर्णांकात १,९५० धरून दोन टप्प्यांत करावे असे आम्ही सुचवतो: १ ऑगस्ट २०२६ पासून १,६०० आणि १ एप्रिल २०२७ पासून १,९५० रुपये. हिशेबाचा कागद सोबत आहे. मागील काळाचा कोणताही फरक मागितलेला नाही.

"हा प्रस्ताव आहे. आपणांस तो मान्य असल्यास, काही बदल हवा असल्यास किंवा मान्य नसल्यास ३० जूनपर्यंत लेखी कळवावे, किंवा देवस्थानच्या कचेरीत येऊन बोलावे. अधिक वेळ हवा असल्यास तसे सांगावे. आपण उत्तर दिले नाही तर ते आपली संमती समजले जाणार नाही. आम्ही पुन्हा विचारू. तोपर्यंत भाडे नेहमीप्रमाणे १,२०० रुपये घेतले जाईल व पावती दिली जाईल. या पत्रामुळे जागेवरील आपल्या ताब्यात किंवा बांधकामाबाबत कोणाच्याही हक्कात बदल होत नाही."

बांधकामाबद्दलच्या वाक्यांवर पंचांत सर्वाधिक वाद होतो. गाळा कुटुंबाने बांधला असे लिहून दिले तर जमीनही तो आपलीच म्हणेल, ही भीती. उलट आहे. जागा देवस्थानची, तो भाडेकरू, आणि भाडे आजवर येते आहे, या तिन्ही गोष्टी त्याच पत्रात लिहिल्या आहेत, आणि त्याने उत्तर दिले की त्याही मान्य झाल्यासारख्या होतात. बांधकाम त्याचे आहे हे गाव पाहत आले आहे. ते लपवल्याने जमीन जास्त पक्की होत नाही. भाडेकरूने जमिनीला जोडलेले तो जागा सोडण्यापूर्वी काढून नेऊ शकतो, असे कलम १०८ तच आहे. ज्या पत्रात खरी गोष्ट टाळलेली दिसते त्याच्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. काही जण त्याऐवजी ‘अतिक्रमणधारक’ असा शब्द घालतात. दहा वर्षे ज्याला भाड्याच्या पावत्या फाडून दिल्या, त्याला अतिक्रमणधारक म्हणणारे पत्र आपल्याच पावती बुकाशी भांडते.

पत्र मराठीत, कारण शिंपी मराठी वाचतो. कन्नड वाचणारा भाडेकरू असेल तर कन्नडमध्ये द्यावे, आणि दोन्ही वाचणारा असेल तर त्याला विचारावे. न्यायालयात जायची वेळ आलीच तर तेव्हा भाषांतर जोडता येते. आधीच इंग्रजीत लिहून घेणे म्हणजे भाडेकरूला वकिलाकडे पाठवणे, आणि मग वकिलाच्या फीची खुन्नस भाड्यावर निघते.

पत्र द्यायचे कसे, हे मसुद्यात लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो. बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाईक बसलेले असताना, पाच पंच एकदम दुकानात शिरले तर कागदात कितीही गोड लिहा, तो दम आहे. कारकुनाने किंवा एका पंचाने सकाळी शटर उघडल्यावर जावे, दोन प्रती न्याव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर ‘मिळाले’ व तारीख घालून सही घ्यावी. सही फक्त मिळाल्याची आहे, मान्यतेची नाही, हे तोंडाने सांगावे आणि प्रतीवर छापलेलेही असावे. त्याला सही करायची नसेल तर आग्रह करू नये, टपालाने पाठवावे. नोंदणी टपाल आता स्पीड पोस्टातच मिसळले आहे, तिथे पोचपावती वेगळी मागून घ्यावी लागते. दारावर पत्र चिकटवायची सोय कायद्यात आहे, पण ती भाडेसंबंध संपवण्याच्या नोटिशीसाठी आणि तीही दुसरा मार्ग उरला नाही तर. भाड्याचा प्रस्ताव शटरवर चिकटवला की तो सगळ्या पेठेने वाचला, शिंप्याने सर्वांत शेवटी.

आमच्या रचलेल्या शिंप्याने २२ जूनला उत्तर दिले, वहीच्या पानावर. वाढ मान्य, पण वाढीवर वाढ का? त्याने सरळ व्याजाने १,८०० काढले आणि खाली लिहिले की २०२१ च्या पावसाळ्यानंतर पत्रे त्यानेच बदलले, बिल जोडले आहे. पंच पुन्हा बसले. पत्र्याचे बिल जमिनीच्या भाड्यात धरता येत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. सरळ व्याजाचे त्याचे म्हणणेही चुकीचे नव्हते. १,८०० वर ठरले, दोन टप्पे तसेच राहिले.

तेव्हा एका पंचाने सुचवले की ठरले आहे तर आता पाच वर्षांचा लेखी करारच करून टाकू, शंभराच्या स्टॅम्पवर. तसे करू नये. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय पट्टा म्हणून उभा राहत नाही, आणि पाच वर्षांसाठी संस्थेलाही वरची परवानगी लागते का ते पाहावे लागते. मुदतीचाच करार हवा असेल तर खानापूरच्या उपनिबंधक कचेरीत दोघांनी जाऊन सह्या कराव्यात. नाहीतर महिन्याचे भाडे महिन्याचेच ठेवावे आणि बदललेल्या दराचे एक पानी पत्र दोघांच्या सहीने करावे. ते मसुदा क्रमांक ४ मध्ये आहे. त्याच्या खाली पावतीचा नमुना दिला आहे. त्यात ‘भाडे’ या शब्दापुढे ‘जमिनीचे’ असा शब्द मुद्दाम छापला आहे. ज्यांचा गाळा संस्थेने बांधलेला आहे त्यांनी पावती फाडताना तो खोडावा.